हळद, मिरी आणि २००० टक्के : एका आकड्याचा माग

हिंगोली जिल्ह्यात हळदीविषयी कुणाला काही सांगायला जावे तर ऐकणाऱ्याला आधीच बरेच माहीत असते. हिंगोलीच्या संत नामदेव हळद मार्केटमध्ये आणि वसमतच्या मोंढ्यात हळकुंडांचे ढीग लागतात. ‘वसमत हळद’ या नावाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतला हळद संशोधन व प्रशिक्षण केंद्रही मंजूर झाले आहे. लागवड, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे यांत चूक सांगणारा व्हिडिओ इथला शेतकरी पहिल्या मिनिटात बंद करतो. व्हिडिओ शेतातून दवाखान्याकडे वळला की मात्र पारखणे अवघड होते. ‘हळदीत मिरी घातली की ती २००० टक्के जास्त गुणकारी होते, असे संशोधनाने सिद्ध झाले आहे,’ असे वाक्य येते. हे वाक्य खरे की खोटे, हे शेतात उभे राहून ठरवता येत नाही.

आरोग्यविषयक माहितीपर व्हिडिओंत हा आकडा वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो कुणी हवेतून काढलेला नाही. त्यामागे खरा शोधनिबंध आहे. म्हणूनच तो तपासून पाहण्याजोगा आहे. निव्वळ थाप लवकर उघडी पडते. खऱ्या आकड्याला चुकीचा शब्द जोडला गेला तर ते वर्षानुवर्षे खपून जाते.

मूळ कुठे आहे?

व्हिडिओ बनवणाऱ्याच्या हाती हा आकडा बहुधा दुसऱ्या व्हिडिओतून किंवा एखाद्या लेखातून येतो. त्या लेखात ‘एका संशोधनानुसार’ एवढेच लिहिलेले असते. वर्ष नसते, संशोधकाचे नाव नसते. दहा ठिकाणी तेच वाक्य त्याच शब्दांत सापडले तर ते दहा पुरावे होत नाहीत, एकाच पुराव्याच्या दहा नकला होतात. म्हणून पडताळणीचे पहिले काम म्हणजे नकलांतून मागे मागे जात मूळ निबंध गाठणे. पबमेड या मोफत सूचीमध्ये curcumin, piperine आणि bioavailability हे तीन शब्द टाकले की तो सापडतो.

निबंध १९९८ चा आहे. बंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजशी संबंधित संशोधकांचा हा अभ्यास ‘प्लान्टा मेडिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. हळदीचा पिवळा रंग ज्या घटकामुळे येतो तो कर्क्युमिन, आणि मिरीचा तिखटपणा ज्यामुळे येतो तो पिपरीन. पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी फारच थोडे रक्तात पोहोचते. पिपरीन सोबत दिले तर हे प्रमाण वाढते का, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न होता.

संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले. रक्त तपासले तेव्हा ते सापडलेच नाही किंवा अगदी नगण्य सापडले. मग त्याच २ ग्रॅमसोबत २० मिलिग्रॅम पिपरीन दिले. पाव तास ते एक तास या वेळात घेतलेल्या नमुन्यांत कर्क्युमिनचे प्रमाण बरेच वाढलेले दिसले. ही वाढ संशोधकांनी २००० टक्के, म्हणजे साधारण २० पट, अशी मांडली. उंदरांवरही प्रयोग झाला. तिथे वाढ १५४ टक्के होती. त्यामुळे कुणी १५४ सांगितले आणि कुणी २००० तर दोघेही एकाच निबंधातून बोलत असू शकतात. एकाचा आकडा उंदरांचा असतो, दुसऱ्याचा माणसांचा.

आकडा तोच, शब्द बदलला

आता व्हिडिओतले वाक्य निबंधाशेजारी ठेवून पाहावे. निबंधात २००० टक्के वाढली ती कर्क्युमिनची जैवउपलब्धता, म्हणजे खाल्लेल्या पदार्थापैकी रक्तात पोहोचणारा भाग. लेखात तिचे ‘शोषण’ झाले. व्हिडिओत शोषणाचा ‘गुण’ झाला, आणि व्हिडिओच्या शीर्षकात गुणाचे ‘आजार बरा होतो’ झाले. प्रत्येक पायरीवर आकडा जसाच्या तसा राहिला आणि त्याच्यापुढचा शब्द सरकत गेला. या प्रयोगात कुणाचा सांधा दुखत होता आणि तो थांबला, असे काही तपासलेलेच नव्हते. माणसे निरोगी होती आणि मोजले ते फक्त रक्त.

दुसरी गफलत टक्केवारीतच आहे. मुळात जे जवळपास शून्य होते, त्याची २० पट किती? विहिरीत एका थेंबाचे वीस थेंब झाले म्हणून तिला पाणी लागले असे कुणी म्हणत नाही. म्हणून टक्के सांगायचे तर ते कशाच्या तुलनेत, हेही त्याच दमात सांगावे लागते. व्हिडिओ तपासणाऱ्याने प्रत्येक टक्केवारीला हा एक प्रश्न विचारला तरी बऱ्याच चुका पकडता येतात.

तिसरी गोष्ट स्वयंपाकघरातल्या मापाची. प्रयोगात दिलेले २ ग्रॅम हे शुद्ध कर्क्युमिन होते, हळदपूड नव्हे. हळदीत कर्क्युमिन साधारण ३ टक्के असते. वाण आणि प्रत यांप्रमाणे ते कमी-जास्त होते. ३ टक्के धरले तर २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी सुमारे ६५ ग्रॅम हळदपूड लागेल. एका चहाच्या चमच्यात साधारण ३ ग्रॅम हळद मावते असे धरले, तर हे वीसहून अधिक चमचे होतात. दुधात घातलेल्या पाव चमचा हळदीत कर्क्युमिन निघते वीस-पंचवीस मिलिग्रॅम, म्हणजे प्रयोगातल्या मात्रेचा सुमारे शंभरावा भाग. मिरीचे गणित मात्र जवळ येते. मिरीत सुमारे ५ टक्के पिपरीन धरले तर २० मिलिग्रॅमसाठी ०.४ ग्रॅम मिरी, म्हणजे सात-आठ दाणे पुरतात. हे गणित करायला प्रयोगशाळा लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. हळदीच्या दुधाचा पेला दाखवत २००० टक्क्यांचा आकडा सांगणारा व्हिडिओ दोन वेगळ्या गोष्टी एका चौकटीत बसवतो, हे या गणितातूनच दिसते.

निबंधाच्या लेखकांची नावे वाचणे हाही पडताळणीचाच भाग असतो. या निबंधाच्या लेखकांपैकी एक जण मिरीच्या अर्कासह वनस्पतींचे अर्क विकणाऱ्या कंपनीचे संस्थापक होते. तेवढ्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही. पण उद्या याच जोडीच्या कॅप्सूलची शिफारस व्हिडिओत होणार असेल, तर प्रेक्षकाला ही गोष्ट कळायला हवी.

न सांगितलेले काय?

मूळ निबंध सापडला की पडताळणी संपली असे वाटते. तिचा अवघड भाग तिथून पुढे असतो, कारण १९९८ नंतर काय झाले हेही पाहावे लागते. २०१७ मध्ये ‘जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री’मध्ये कॅथरिन नेल्सन आणि सहकाऱ्यांनी कर्क्युमिनवरील संशोधनाचा मोठा आढावा घेतला. कर्क्युमिनवर माणसांवरील १२० हून अधिक चाचण्या झाल्या, तरी दुहेरी अंध पद्धतीच्या, नियंत्रित चाचणीत त्याचे यश दिसलेले नाही, असे त्यांनी नोंदवले. हा रेणू टिकाऊ नाही आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांना तो फसवा निकाल द्यायला लावतो, हेही त्यांनी दाखवले. काचेच्या बशीतल्या पेशींवर दिसलेला परिणाम माणसाच्या शरीरात का दिसत नाही, याचे उत्तर यातून मिळते. आधीचा आकडा सांगणाऱ्या व्हिडिओला हा आढावा वगळता येत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट इजेची आहे. औषधांमुळे व पूरक गोळ्यांमुळे यकृताला होणारी इजा नोंदवणारे अमेरिकेतील रुग्णालयांचे एक जाळे २००४ पासून काम करते. त्यांनी २०२२ मध्ये हळदीच्या पूरक उत्पादनांशी संबंधित १० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील ५ जणांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि एकाचा मृत्यू झाला. तीन जणांच्या उत्पादनात मिरीचा घटकही सापडला. सात जणांत एक विशिष्ट जनुकीय प्रकार आढळला, म्हणजे धोका सगळ्यांना सारखा नाही. दहा रुग्णांवरून हा धोका किती जणांमागे एकाला आहे, हे काढता येत नाही. हा प्रश्न कॅप्सूलचा होता, वरणातल्या हळदीचा नव्हे. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवे. पण रक्तात जास्त पोहोचवण्याची युक्ती सांगणाऱ्याने, जास्त पोहोचले तर काय होऊ शकते, हे वगळले तर त्याचे प्रत्येक वाक्य खरे असूनही व्हिडिओ दिशाभूल करतो. पिपरीन काही औषधांचेही रक्तातील प्रमाण वाढवते; फिटवर दिले जाणारे फेनिटॉइन हे त्यातले एक. औषधे चालू असलेल्या प्रेक्षकाला या एका वाक्याचा उपयोग २००० च्या आकड्यापेक्षा जास्त आहे.

शेवटची तपासणी साधी असते, पण तीच बहुतेकदा राहून जाते. आधार म्हणून दाखवलेला निबंध नंतर मागे घेतला गेला आहे का? कर्क्युमिन आणि कर्करोग या विषयावरील सर्वाधिक चर्चिल्या गेलेल्या संशोधकांपैकी एक होते अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील भरत अग्रवाल. त्यांचे अनेक निबंध चित्रांच्या विश्वासार्हतेवरून नियतकालिकांनी मागे घेतले. त्या निबंधांवर उभे राहिलेले जुने व्हिडिओ मात्र तसेच चालू राहू शकतात. मागे घेतलेल्या निबंधाच्या पानावर पबमेडमध्ये Retracted अशी ठळक सूचना असते. व्हिडिओ प्रसिद्ध करण्याच्या दिवशी प्रत्येक संदर्भाचे पान पुन्हा एकदा उघडून पाहायला काही मिनिटेच लागतात.

संदर्भ द्यायचा तो कसा?

‘संशोधन सांगते’ हा संदर्भ नाही. नियतकालिकाच्या पहिल्या पानाचे छायाचित्र दोन सेकंद पडद्यावर चमकवणे हाही नाही, कारण ते वाचता येत नाही आणि शोधताही येत नाही. संदर्भाची कसोटी एकच : प्रेक्षकाला तो वापरून त्याच पानावर पोहोचता आले पाहिजे. त्यासाठी तीन जागा उपयोगी पडतात.

पहिली जागा निवेदनाची. ‘१९९८ मध्ये बंगळुरूच्या संशोधकांनी निरोगी माणसांवर केलेल्या एका छोट्या प्रयोगात’ एवढे शब्द बोलायला पाच सेकंद लागतात. त्यांत वर्ष, ठिकाण, कुणावर आणि केवढा प्रयोग हे सगळे येते. फक्त ऐकणाऱ्यालाही पुराव्याचे वजन कळते. दुसरी जागा पडद्याची. वाक्य चालू असेपर्यंत खाली नियतकालिकाचे नाव आणि वर्ष राहिले तर थांबवून टिपून घेता येते. तिसरी जागा व्हिडिओखालच्या वर्णनाची. तिथे नुसत्या दुव्यांची रांग लावण्यापेक्षा कोणत्या मिनिटाच्या वाक्याला कोणता आधार आहे, हे लिहिणे जास्त कामाचे. उदाहरणार्थ :

```
02:15 कर्क्युमिन + पिपरीन, रक्तातील प्रमाण (माणसे, 1998)
https://doi.org/10.1055/s-2006-957450
आजार बरा होतो का, हे या अभ्यासात तपासलेले नाही.
```

दुव्यातला doi हा निबंधाचा कायमचा क्रमांक. संकेतस्थळाचा पत्ता बदलला तरी तो त्याच निबंधापर्यंत नेतो. तिसरी ओळ सर्वांत मोलाची आहे. संदर्भ काय सांगतो याबरोबर तो काय सांगत नाही, हे लिहिले की शब्द सरकण्याची वाटच बंद होते.

आजीचे सांगणे आणि लेखी पुरावा

यावर एक रास्त आक्षेप येतो. जखमेवर हळद लावायला आजीने शिकवले, त्याला कुठला निबंध हवा? या प्रश्नाचे उत्तर हळदीच्याच इतिहासात आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळदीच्या वापरावर पेटंट दिले गेले. त्याचा क्रमांक ५,४०१,५०४. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक होते. परिषदेने १९९६ मध्ये या पेटंटला आव्हान दिले. भारतातल्या घराघरात हे माहीत आहे, एवढे म्हणणे तिथे पुरेसे नव्हते. छापील पुरावा लागत होता. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत शंभर वर्षांहून जुने ग्रंथ होते, संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होता, आणि ‘जर्नल ऑफ द इंडियन मेडिकल असोसिएशन’मधला १९५३ चा एक लेखही होता. १९९७ मध्ये पेटंट रद्द झाले.

हा किस्सा हळदीवरच्या व्हिडिओंत अभिमानाने येतो, आणि बऱ्याचदा त्याला ‘म्हणजे हळदीचे औषधी गुण अमेरिकेनेही मान्य केले’ अशी शेपटी जोडली जाते. इथेही शब्द सरकलेला असतो. पेटंट कार्यालयापुढचा प्रश्न ‘हा वापर नवा आहे का’ हा होता, ‘हळदीने जखम भरते का’ हा नव्हता. ३२ संदर्भांनी सिद्ध केले ते इतकेच, की हे ज्ञान जुने आहे. एक संदर्भ एका प्रश्नाचे उत्तर भक्कमपणे देतो आणि शेजारच्या प्रश्नाबद्दल काहीच बोलत नाही, याचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही. परंपरा सांगताना ‘असा वापर पूर्वापार होत आला आहे’ म्हणावे आणि त्याला ग्रंथाचा आधार द्यावा. परिणाम सांगताना चाचणीचा आधार द्यावा. एकाच्या जागी दुसरा चालत नाही.

चूक सापडली तर

इतके करूनही चूक राहते. यूट्यूबवर एकदा टाकलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर दुसरा व्हिडिओ ठेवता येत नाही. फार तर चुकीचा भाग कापता येतो. त्याशिवाय एक सोय आहे. वर्णनात इंग्रजीत पुढील शब्द लिहून त्याखाली वेळ आणि दुरुस्ती दिली, की व्हिडिओ चालू असताना पहिल्या दुरुस्तीच्या वेळेला पडद्यावर तशी सूचना दिसते :

```
Correction:
02:15 "गुणकारी" नव्हे, "रक्तातील प्रमाण" वाढते.
```

गुपचूप शीर्षक बदलणे किंवा विचारणाऱ्याची टिप्पणी पुसणे यात वेळ वाचतो. पण ज्याने चूक पकडली तो प्रेक्षक त्याच दिवशी जातो, आणि नेमका तोच मन लावून पाहणारा असतो.

जर्मनीतील ‘कुर्झगेझाक्ट’ या विज्ञानवाहिनीने २०१९ मध्ये वेगळा मार्ग धरला. व्यसनाविषयीचा त्यांचा एक अतिशय गाजलेला जुना व्हिडिओ मुख्यतः एकाच बाजूच्या मांडणीवर उभा होता. तो आणि निर्वासितांविषयीचा आणखी एक, असे दोन व्हिडिओ त्यांनी काढून टाकले, आणि ते का काढले हे सांगणारा स्वतंत्र व्हिडिओ केला. आपल्या व्हिडिओंवर विश्वास का आणि किती ठेवावा, हाच त्याचा विषय होता. ही वाहिनी व्हिडिओसोबत संदर्भांची वेगळी यादी देते. मोठा गट असलेल्या वाहिनीला हे जमते, वसमतच्या एकट्या निवेदकाला सगळेच जमेल असे नाही. पण एका व्हिडिओत दहा दावे करण्याऐवजी तीनच केले, तर तिन्हींचे मूळ एका संध्याकाळी तपासून होते.

तसे तपासून झाल्यावर २००० टक्क्यांचे वाक्य असे उरते : ‘१९९८ मधल्या एका छोट्या प्रयोगात, निरोगी माणसांना वीसहून अधिक चमचे हळदीइतके शुद्ध कर्क्युमिन मिरीच्या घटकासोबत दिले, तेव्हा रक्तातले त्याचे अगदी नगण्य प्रमाण तासाभरापुरते सुमारे २० पट वाढले. त्याने आजार बरा होतो का, हे त्यात पाहिलेले नाही. कॅप्सूल घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.’ बोलून पाहिले तर वीस-पंचवीस सेकंद लागतात.